जवळच्या मैत्रिणीने काही न सांगता बोलणं बंद केलंय. कारण कळत नाही, काय करावं?

गावभागची_लेक
नमस्कार. इथे बरेच दिवस वाचते आहे, लिहिते पहिल्यांदाच.

मी सांगलीची, विश्रामबागला राहते, एका पतसंस्थेत नोकरी. माझी एक मैत्रीण आहे. नाव नको, नुसतं 'म' म्हणते. अकरावीला विलिंग्डनमध्ये ओळख झाली, तेव्हापासून आम्ही एकत्र. ती लग्न होऊन पुण्याला गेली तरी बोलणं तुटलं नव्हतं. २०१९ च्या महापुरात आमचं गावभागातलं घर पाण्यात गेलं, तेव्हा आम्ही सगळे मिरजेत तिच्या माहेरी होतो. माझ्या आजीची गोळ्यांची डबी पुरात राहिली होती. तिच्या आईने नावं विचारून विचारून सगळी औषधं परत जमवली. हे सांगायचं कारण एवढंच, की ही वरवरची ओळख नव्हे.

गेल्या दिवाळीपासून ती बोलत नाही. भांडण नाही, वाद नाही. "निवांत बोलू गं" हा तिचा शेवटचा मेसेज. त्यानंतर मी पाडव्याच्या शुभेच्छा पाठवल्या, तिच्या वाढदिवसाला फोन केला, संक्रांतीला तिळगुळाचा फोटो पाठवला, शेवटी सरळ विचारलं, "माझ्यावर रागावलीयेस का?" निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मात्र ती असते, लोकांच्या फोटोंना बदाम देते.

रात्री झोपताना मी आमचं जुनं चॅट वर सरकवत बसते आणि प्रत्येक वाक्यात स्वतःची चूक शोधते. मला विचारायचंय ते असं. कारण कधीच कळलं नाही, तरी माणूस स्वतःला दोष न देता यातून पुढे कसा जातो? आणि शेवटचा एक मेसेज करावा का? केला तर त्यात काय लिहावं?

कृष्णाकाठी
ताई, वाचून वाईट वाटलं. पण स्पष्ट सांगतो, गप्प बसणं हेच उत्तर असतं. निळी टिक आली म्हणजे तिने वाचलंय. वाचून उत्तर देत नाही म्हणजे तिला तुम्ही नको आहात. जे दिसतंय ते मान्य करा आणि नंबर काढून टाका. माझ्याशी एकाने असंच केलं. त्याचा डीपी दिसेनासा झाला, तेव्हाच ओळखलं की ब्लॉक केलंय. मी परत विचारलं नाही.

कुपवाडचा_आयटीवाला
कृष्णाकाठी दादा, टिकांचं तुम्ही जरा जास्तच ठाम सांगताय.

निळी टिक म्हणजे चॅट उघडलं गेलं, एवढंच. वाचलं की नाही, कोणत्या अवस्थेत वाचलं, उत्तर लिहून खोडलं का, यातलं काहीच कळत नाही. दोन करड्या टिका म्हणजे मेसेज फोनवर पोचला. एक टिक म्हणजे तुमच्याकडून निघाला, पण पलीकडे पोचला नाही. फोन बंद असेल, नेट नसेल, सिम बदललं असेल किंवा ब्लॉक असेल, टिक एकच दिसते. डीपीचंही तसंच. समोरच्याने फोटो फक्त आपल्या कॉन्टॅक्टना दिसेल असं ठेवलं असेल आणि तुमचा नंबर त्याच्या यादीत नसेल, तरी तो दिसत नाही. ब्लॉक केलेलं कळू नये म्हणून व्हॉट्सॲपने ही खूण मुद्दामच संदिग्ध ठेवली आहे, तसं त्यांच्या मदतपानावर लिहिलेलंही आहे. ब्लू टिक बंदसुद्धा करता येते. ग्रुपमध्ये मात्र बंद करता येत नाही, तिथे मेसेज इन्फोमध्ये कुणी वाचलं ते दिसतंच.

ताईंच्या बाबतीत टिका निळ्या होतायत, म्हणजे ब्लॉक केलेलं नाही. ठामपणे सांगता येण्यासारखं तेवढंच आहे.

आप्पा_तासगाव
लेकी, मी सगळं वाचलं. आमच्या धाकटीच्या स्थळाचं अगदी असंच झालं. मुलाकडची मंडळी येऊन गेली, पोहे खाऊन गेली, मुलगामुलगी तासभर बोलत बसली. जाताना म्हणाले, "दोन दिवसांत कळवतो." ते कळवणं अजून यायचंय. पोरगी आरशासमोर उभी राहून म्हणते, मी जाड दिसत असणार. माझा जीव तुटतो. तुमच्या बाबतीत पत्रिका दाखवली होती का? पत्रिकेवरून पण लोक गप्प बसतात.

गावभागची_लेक
आप्पा, माझं लग्नाचं नाही हो, मैत्रिणीचं आहे. पण तुमच्या धाकटीचं वाचून पोटात कालवलं. तिला सांगा, तिच्या दिसण्याशी याचा संबंध असल्याचं कुणीच सांगितलेलं नाही. ते तिने स्वतःच स्वतःला सांगितलंय. (हे तिला लिहिताना माझं मलाही ऐकू आलं.)

समुपदेशक_पोवईनाका
मी साताऱ्यात समुपदेशनाचं काम करते. आप्पांना धागा वेगळा वाटला असेल, पण त्यांचा मुद्दा इथलाच आहे.

पूर्वी स्थळाचा नकार मध्यस्थ आणून द्यायचा. "पत्रिका जुळत नाही हो" किंवा "मुलाला एवढ्यात करायचं नाही म्हणतात." ते खरं नसायचं, हे दोन्हीकडे माहीत असायचं. पण प्रकरण संपलं हे कळायचं आणि मुलीच्या अंगावर काही यायचं नाही. मैत्रीत असा मध्यस्थ कधीच नव्हता, आणि ॲपवर भेटलेल्या माणसांतही नाही. नकार ज्याचा त्यालाच द्यावा लागतो आणि बऱ्याच लोकांना तो देता येत नाही, म्हणून ते गप्प राहतात.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. हे इतकं का दुखतं? किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने २००० साली संगणकावरचा एक अगदी साधा खेळ वापरला. पडद्यावर तिघं एकमेकांकडे चेंडू फेकतात, त्यातले एक तुम्ही. सुरुवातीला तुमच्याकडे चेंडू येतो, मग उरलेले दोघं आपापसातच खेळायला लागतात. समोरचे अनोळखी, परत कधी भेटणार नाहीत, तरी काही मिनिटांत माणसाचा चेहरा पडतो. पुढे २००४ च्या प्रयोगात लोकांना आधीच सांगून टाकलं की पलीकडे माणसं नाहीत, संगणकच खेळतोय. तरीही दुखलं.

तुमच्यासाठी यात महत्त्वाचं हे, की वगळलं गेल्याची कळ अर्थ लागण्याआधीच उठते. संगणकाने चेंडू दिला नाही यात तुमचा दोष काय असणार? तरी कळ येतेच. आपण मात्र नंतर उलटा हिशेब मांडतो: एवढं दुखतंय, त्या अर्थी माझं काहीतरी मोठं चुकलं असणार. दुखणं हा चुकीचा पुरावा नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या, तर रात्रीचं चॅट सरकवणं बरंच कमी होतं.

दुसरं म्हणजे, स्वतःला दोष देण्यात एक आडून मिळणारा दिलासा असतो. चूक माझी असेल तर दुरुस्ती माझ्या हातात आहे. तिच्या आयुष्यात असं काही चाललं असेल ज्याच्याशी माझा संबंधच नाही, तर माझ्या हातात काहीच राहत नाही, आणि ते सोसायला जास्त जड जातं. म्हणून मन चूक शोधत राहतं.

अजिंक्यतारा_९४
मॅडम, मी साताऱ्याचाच. माझं वेगळं आहे, पण इथेच विचारतो. एका ॲपवर ओळख झाली. कोल्हापूरची मुलगी, चार महिने रोज बोलणं. दोनदा भेटलो, एकदा कासला गेलो होतो. परतताना यवतेश्वरच्या घाटात ती म्हणाली, पुढच्या वेळी माझ्या बहिणीला पण आणते. नंतर एकदम शांतता, प्रोफाईलच गायब. मी इन्स्टावर बरंच पाहिलं, तिथे सांगतात की असं करणारे नार्सिसिस्ट असतात, नाहीतर 'अव्हॉयडंट' असतात. तीन-चार लक्षणं अगदी जुळतात. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं ना? तसं वाटत नाही, उलट अजून तिच्याबद्दलच वाचत बसतो.

समुपदेशक_पोवईनाका
दादा, समोर न बसलेल्या माणसाचं निदान कुणीच करू शकत नाही, मीही नाही. जवळीक वाढली की मागे सरणारी माणसं असतात, हे खरं. पण तिच्याबद्दल तुमच्या हातात चार महिन्यांचं चॅट आणि दोन भेटी आहेत. तेवढ्यावरून नाव चिकटवलं की दोष तुमच्याकडून उचलून तिच्यावर ठेवला जातो, आणि शोध तसाच चालू राहतो. म्हणून बरं वाटत नाही.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. "बहिणीला आणते" हे ती म्हणाली, तेव्हा ते बहुधा खरंच होतं. नंतर ती गप्प झाली म्हणून आधीचे चार महिने खोटे ठरत नाहीत. लोक मागे जाऊन सगळंच पुसतात आणि त्यात स्वतःचा चांगला काळही पुसून टाकतात.

झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, कामावर लक्ष लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर कुणाशी तरी प्रत्यक्ष बोला. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

कराडकर_सध्या_बेंगळुरू
मी दुसऱ्या बाजूने लिहितो. कदाचित ताईंना उपयोग होईल.

२०२० मध्ये माझी नोकरी गेली. तेव्हा माझा एक जुना मित्र नियमित मेसेज करायचा. पहिल्या मेसेजला उत्तर दिलं नाही, कारण "काय चाललंय" याला सांगण्यासारखं काही नव्हतं. आठवड्याने दुसरा आला. आता "ठीक आहे" म्हणून भागणार नव्हतं, आधी का बोललो नाही तेही सांगावं लागणार होतं. महिन्याने तिसरा, मग आणखी मोठा खुलासा. हे उधारीसारखं झालं, दर दिवसाला व्याज चढत गेलं आणि शेवटी त्या दुकानावरून जाणंच मी टाळायला लागलो. ग्रुपवर अंगठा देणं सोपं होतं, तिथे मला कुणी काही विचारत नव्हतं. त्या मित्राचा राग कधीच नव्हता. उलट तो सगळ्यात जवळचा, म्हणून त्यालाच तोंड दाखवणं सगळ्यात अवघड.

प्रत्येकाचं असंच असतं असं मी म्हणत नाही. पण ताईंना ग्रुपवरचे बदाम खुपतायत, म्हणून लिहिलं.

कृष्णाकाठी
कराडकर, तुमचं पटतं, पण मित्राने हे सगळं कसं ओळखायचं? तो बिचारा तिकडे झुरत बसला असेल. गप्प राहणाऱ्याला समजून घ्यायचं ओझंही ज्याला टाकलं त्यानेच उचलायचं का?

कराडकर_सध्या_बेंगळुरू
नाही. त्याने ओळखायला हवं होतं, असं माझं म्हणणं नाही. वाटलं तर रागवायचा त्याला पूर्ण हक्क होता.

समुपदेशक_पोवईनाका
कृष्णाकाठींचा प्रश्न बरोबर आहे. समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे, आणि कारण काहीही असलं तरी वागणं दुखावणारं होतं, हे म्हणायला हरकत नाही.

गावभागच्या ताई, एक करून बघाल? कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात फक्त जे घडलं आणि दुसऱ्या कुणालाही दाखवता येईल ते. दुसऱ्यात तुम्ही त्याचा लावलेला अर्थ. तिसऱ्यात त्याच गोष्टीचे आणखी कोणते अर्थ निघू शकतात ते, पटत नसले तरी. आणि एका प्रश्नाचं उत्तर लिहा: तुम्ही तिला दुखावलं असेल असा एखादा नेमका प्रसंग सांगता येतो का? कोणत्या दिवशी, काय वाक्य, कुणासमोर. "मी नेहमीच जास्त बोलते" असलं चालणार नाही.

गावभागची_लेक
काल रात्री लिहून काढलं. सगळं इथे टाकत नाही, जेवढं जमतं तेवढं लिहिते.

पहिल्या रकान्यात आलं ते असं: दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांत तिने दोनदा फोन ठरवून पुढे ढकलला होता. एकदा "सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय", एकदा नुसतं "आज नको". दिवाळीत ती माहेरी मिरजेला आली नाही, हे मला तिच्या भावाकडून कळलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती आली नाही. "निवांत बोलू गं" नंतर काही नाही. ग्रुपवर ती बदाम देते, पण मागे जाऊन पाहिलं तर तिथेही तिने लिहिलेला एकही शब्द नाही.

दुसऱ्या रकान्यात: तिला माझा कंटाळा आला. तिला पुण्यात नवीन मैत्रिणी मिळाल्या. मी तिला फार लहान गावची वाटते.

तिसरा रकाना भरताना हात थांबला, कारण पहिल्या रकान्यातल्या सासूबाई, दवाखाना आणि माहेरी न येणं या गोष्टी माझ्याबद्दल नाहीतच. चॅटमध्ये त्या माझ्या डोळ्यांसमोरच होत्या, पण मी फक्त माझी वाक्यं वाचत होते.

नेमका प्रसंग एकच आठवला. गणपतीत ती म्हणाली होती की नोकरी सोडायचा विचार आहे, आणि मी म्हटलं, "एवढं शिकून घरी बसणार?" ती हसली होती. ते टोचलं असेल का?

समुपदेशक_पोवईनाका
हा प्रसंग खरा आहे आणि तो नावानिशी सांगता येतो. अशा गोष्टीबद्दल एका वाक्यात दिलगिरी मागता येते. मागून टाकावी. पण तेच कारण आहे, असं धरून चालू नका. कदाचित ते तिच्या लक्षातही नसेल. जे नेमकं सांगता येतं त्याची जबाबदारी घ्यायची, आणि जे सांगता येत नाही त्याचा अपराधीपणा घ्यायचा नाही.

आणि हो, ती सगळीकडेच कमी झाली आहे, हे तुम्ही स्वतः शोधलंत. फक्त तुमच्याशीच बोलणं थांबलं असतं, तर बहुधा तुमच्या दोघींमधलं काहीतरी असतं. सगळ्यांशीच थांबलं असेल, तर तिच्या घरात किंवा मनात काहीतरी चाललंय, ही शक्यता वाढते. खात्री नाही, शक्यता.

आप्पा_तासगाव
मग मेसेज कशाला लिहीत बसायचं? मिरज काय लांब आहे? तिच्या आईकडे जा, पाटावर बसून चहा घे, आई सगळं सांगेल. आमच्याकडे असंच करतात.

अजिंक्यतारा_९४
आप्पा, तिने आईलाच सांगितलं नसेल तर? मग पुण्यात फोन जाणार, "तुझी मैत्रीण आली होती, काय झालंय?" ती अजूनच गप्प होईल.

आप्पा_तासगाव
होऊ दे. निदान माणसाला कळेल की कुणाला तरी काळजी आहे.

समुपदेशक_पोवईनाका
यावर माझं मत आप्पांपेक्षा वेगळं आहे, पण त्यांचं अगदीच चूक आहे असंही मी म्हणणार नाही. त्या आईने पुरात तुम्हाला सांभाळलंय. त्यांच्यासाठी म्हणून जायचं तर जरूर जा. चौकशी पोटात घेऊन जाऊ नका, आईच्या ते लगेच लक्षात येतं. तिच्या जिवाचं बरंवाईट होईल असं काही तुम्हाला दिसलं असतं, तर मी म्हटलं असतं थेट घरच्यांशी बोला, संकोच करू नका. आत्ता तसं दिसत नाही.

आधी मेसेज करावा, असं मला वाटतं. कच्चा लिहून इथे टाका.

गावभागची_लेक
लिहिलाय:

"म, कशी आहेस? खूप दिवस झाले आपण बोललो नाही. माझं काही चुकलं असेल तर प्लीज सांग, मी खरंच सॉरी आहे. मला रात्र रात्र झोप लागत नाही. तू अशी का वागतेस मला कळत नाही. एकदा फोन कर ना. नाहीतर मी समजेन की तुला मैत्री नकोय."

कराडकर_सध्या_बेंगळुरू
ताई, रागावू नका, पण मला हा मेसेज तेव्हा आला असता तर मी फोन उलटा करून ठेवला असता. यात सहा कामं आहेत: कशी आहे ते सांग, चूक सांग, माझ्या झोपेचं बघ, कारण दे, फोन कर आणि मैत्री हवी की नको ते ठरव.

समुपदेशक_पोवईनाका
कराडकरांनी बरोबर सांगितलं. "माझं काही चुकलं असेल तर सांग" हे नम्र वाटतं, पण त्यात तुमच्यावरचे आरोप तिनेच लिहून आणायचे, असं होतं. तुमची झोप खरी आहे, ती इथे सांगा, घरी सांगा. या मेसेजमध्ये ती तिच्या अंगावर पडते. आणि शेवटचं वाक्य तिला भिंतीला टेकवतं.

प्रश्नचिन्ह एकही नको. नेमकी दिलगिरी एक. आणि उत्तर आलं नाही तरी चालेल, हे खरोखर चालणार असेल तरच लिहा.

गावभागची_लेक
हा दुसरा:

"म, गणपतीत तू नोकरी सोडायचं म्हणालीस तेव्हा मी 'घरी बसणार?' म्हटलं होतं. ते तसं म्हणायला नको होतं, त्याबद्दल सॉरी. बाकी तुझ्याकडे काय चाललंय मला माहीत नाही, आणि ते सांगायलाच हवं असं नाही. यापुढे मी सारखे मेसेज करणार नाही, पण तुझा फोन कधीही आला तरी मला आवडेल, मागचं काही न सांगताही."

कृष्णाकाठी
"मेसेज करणार नाही" हे धमकीसारखं वाटतं की.

कुपवाडचा_आयटीवाला
मला नाही वाटत. निदान तिला कळेल की रोज टिका बघितल्या जाणार नाहीत.

समुपदेशक_पोवईनाका
दोन्ही बाजूंनी वाचता येतं. मी ते ठेवलं असतं, कारण ते वाक्य तिच्यापेक्षा ताईंसाठी जास्त आहे. "मागचं काही न सांगताही" मात्र नक्की ठेवा. कराडकरांनी सांगितलेलं व्याज त्या तीन-चार शब्दांत माफ होतं.

कराडकर_सध्या_बेंगळुरू
हो. मला तेच वाक्य हवं होतं.

गावभागची_लेक
पाठवला. संध्याकाळी निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. आज चौथा दिवस.

वाईट वाटतंय, पण आधीसारखं नाही. माझ्या बाजूचं जे बोलायचं होतं ते बोलून झालंय. अडचण एकच, ती गेली म्हणून रडावं की येईल म्हणून वाट बघावी, हे कळत नाही.

समुपदेशक_पोवईनाका
हा प्रश्न फार जुना आहे. पॉलिन बॉस या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांसोबत काम केलं. त्या बायकांना नवरा गेला असं धरून रडता येत नव्हतं आणि आहे असं धरून जगता येत नव्हतं. तुमचं दुःख तेवढं आहे असं म्हणायचं नाही, पण गाठ त्याच जातीची आहे. बॉस यांचं म्हणणं असं, की अशा वेळी शेवट शोधत बसू नये, तो मिळेलच असं नसतं. दोन विरुद्ध गोष्टी एकत्र धरायला शिकावं. "ती कदाचित परत येईल" आणि "ती कदाचित येणारही नाही" ही दोन्ही वाक्यं एका श्वासात म्हणून बघा. एकच निवडायचा अट्टहास सुटला की रडताही येतं आणि रविवारचा बेतही करता येतो.

अजिंक्यतारा_९४
हे मी माझ्या बाबतीत म्हणून बघितलं. "ती मला आवडायची" आणि "ती का गेली ते मला कळणार नाही." दुसरं वाक्य अजून तोंडातून नीट निघत नाही.

आप्पा_तासगाव
धाकटीला हा धागा वाचून दाखवला. काही बोलली नाही, पण दुपारी तिने स्वतःच मध्यस्थांना फोन लावून सांगितलं, "त्यांचं कळवणं आलं नाही, आमच्याकडून विषय बंद समजा." तिची आई म्हणते, मुलीकडून असं सांगायचं नसतं. मला तर बरं वाटलं.

समुपदेशक_पोवईनाका
आप्पा, मलाही.

गावभागची_लेक
आप्पा, तिला माझ्याकडून शाब्बास सांगा.

आता एक व्यवहाराचा प्रश्न. मे महिन्यात आमच्या ग्रुपमधल्या एकीचं लग्न आहे, मिरजेत. 'म' येईल असं ऐकलंय. समोरासमोर आलो तर काय बोलायचं? आणि ती "अगं किती दिवसांनी!" म्हणाली, जणू काही झालंच नाही असं, तर?

कृष्णाकाठी
मी असतो तर तिथेच बाजूला घेऊन विचारलं असतं. एवढं सगळं झाल्यावर हसून "बरी आहे" म्हणायचं, हे मला जमणार नाही.

समुपदेशक_पोवईनाका
कार्यालयात, पंगतीत, पन्नास ओळखीच्या डोळ्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर क्वचितच मिळतं. आधीच एक वाक्य ठरवून ठेवा, म्हणजे तिथे शोधावं लागणार नाही. "तुला बघून बरं वाटलं," एवढंसुद्धा पुरे. ती मोकळी बोलली, तर तुम्हीही बोला. तिने "किती दिवसांनी!" म्हटलं, तर "हो, बरेच दिवस झाले," असं म्हणा. ते खरं आहे आणि त्यात तक्रार नाही. पण मैत्री त्याच संध्याकाळी पहिल्यासारखी झाली असं धरू नका. ती नंतर स्वतःहून फोन करते का, ते बघा.

कराडकर_सध्या_बेंगळुरू
आणि ती तुम्हाला बघून दुसऱ्या टोकाला गेली, तर मागे जाऊ नका. मी असाच एकदा एका लग्नातून जेवण न करता निघालो होतो.

गावभागची_लेक
ठीक. "तुला बघून बरं वाटलं" हे मला म्हणता येईल, कारण ते खरंच वाटेल. तिच्या आईकडे लग्नाच्या आदल्या दिवशी जाऊन येईन म्हणते, आजी पण येते म्हणालीय. आप्पांचंही थोडं ऐकल्यासारखं होईल.

कुपवाडच्या दादांना एक विचारायचं होतं. ग्रुपमधून बाहेर न पडता फक्त तिचे बदाम दिसू नयेत, असं काही करता येतं का?

कुपवाडचा_आयटीवाला
नाही ताई. ग्रुपमधल्या एकाच माणसाला लपवायची सोय नाही. तिला ब्लॉक केलंत तरी ग्रुपमधलं तिचं सगळं दिसत राहतं. ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका आणि सेटिंगमध्ये 'चॅट अर्काइव्हमध्येच ठेवा' हे चालू आहे का ते बघा, म्हणजे नवीन मेसेज आला तरी तो वर येणार नाही. लग्नाची तारीख, कार्यालय वगैरे मात्र आधी उतरवून घ्या, नाहीतर ते त्याच ग्रुपवर येऊन पडेल.